झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत, अभ्यासिकेत लॉगिन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी बसतो. तिथे मुलांसाठी दोन कॉम्प्युटर आहेत. प्रवेशाचे अर्ज, प्रवेशपत्रं, शिष्यवृत्तीचे फॉर्म यांचे दिवस आले की आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांसारखीच आमच्याकडेही रांग लागते, आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मुंबईतल्या बहुतेक दुकानांत विंडोज आणि क्रोम असतं, म्हणून बटणांची नावं त्यातलीच दिली आहेत. क्रोम नवं-जुनं असेल तर एखाद्या बटणावरचे शब्द थोडे वेगळे दिसतील, पण जागा बहुधा तीच असते.

नुसती एक प्रिंट काढायला जीमेल उघडलं. दोन मिनिटांत काय होणार आहे?

माझ्या भाचीचं काय झालं ते सांगतो. जून महिना, बाहेर धो धो पाऊस. दादर स्टेशनजवळच्या एका दुकानात ती प्रवेशाच्या अर्जाची दोन पानं छापायला गेली. पीडीएफ तिच्या मेलमध्ये होती. दुकानदाराने खुर्ची पुढे केली, तिने क्रोममध्ये जीमेल उघडलं, पासवर्ड टाकला. मधेच एक चौकट आली. त्यात तिचं नाव होतं आणि खाली मोठं निळं बटण. मागे चार जण उभे होते, तिने बटण दाबलं. प्रिंट निघाली, पैसे दिले, टॅब बंद केला आणि ती गाडी पकडायला धावली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलमधल्या क्रोमच्या हिस्टरीत तिने कधीच न उघडलेली पानं दिसायला लागली. कुणीतरी नागपूरच्या कॉलेजांची फी शोधली होती, कुणी रेल्वेचं वेळापत्रक पाहिलं होतं. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याच खात्यावर इंटरनेट वापरत होतं. ते निळं बटण जीमेलचं नव्हतं. तिथे ‘हा ब्राउझरच तुमच्या नावावर करू का आणि सिंक चालू करू का’ असं क्रोम विचारत होतं. तिने हो म्हटल्याबरोबर तिच्या खात्यात साठवलेले पासवर्ड, पत्ते, बुकमार्क त्या मशीनवर उतरले. कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड त्यात होता, आणि तिच्या आईच्या वीजबिलाच्या खात्याचाही.

जीमेलमध्ये शिरणं आणि क्रोममध्ये शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुमची मेल उघडते. दुसरीत तुमची सगळी किल्ल्यांची जुडी दुकानाच्या भिंतीवर टांगली जाते.

पण पासवर्ड बघायला क्रोम पिन मागतं ना?

मागतं, पण कुणाचा पिन मागतं ते बघा. क्रोम त्या विंडोजचा पिन किंवा पासवर्ड मागतं, आणि मशीन दुकानदाराचं असल्यामुळे तो त्यालाच माहीत असतो. शिवाय पासवर्ड डोळ्यांनी बघण्याची गरजही पडत नाही. साइट उघडली की क्रोम रकाना आपोआप भरून देतं.

टॅब बंद केला, क्रोमही बंद केलं. म्हणजे लॉगआउट झालं ना?

नाही. लॉगिन केलं की साइट ब्राउझरला एक खूण देते, तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी साइट पासवर्ड मागत नाही, ती खूण बघून आत घेते. खिडकी बंद केल्याने खूण पुसली जात नाही. गुगलची खूण तर मुद्दामच बराच काळ टिकणारी असते, म्हणून तर घरी रोज पासवर्ड टाकावा लागत नाही.

काही साइट खिडकी मिटेपर्यंतच टिकेल अशी खूण देतात. पण क्रोममध्ये सुरुवातीला ‘Continue where you left off’ हा पर्याय निवडलेला असेल, तर त्या खुणाही परत येतात आणि तुमचं पान होतं तसं उघडतं. हा पर्याय बऱ्याच दुकानांत निवडलेला असतो, कारण दुकानदारालाही रोज सकाळी त्याची पानं आयती हवी असतात.

खुर्चीत बसल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातलं गोल चिन्ह बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तिथे कुणाचा फोटो किंवा नावाचं अक्षर असेल, तर तो ब्राउझर आधीच कुणाच्या तरी खात्यावर चालू आहे, बहुधा दुकानदाराच्या. तुम्ही तिथे जीमेल उघडलंत तर तुमचं खातं त्याच्या खात्याशेजारी दुसरं म्हणून बसतं. मग बाहेर पडताना ‘Sign out of all accounts’ असं बटण दिसतं. ते दाबलं तर दुकानदाराचंही खातं बंद होईल या संकोचाने लोक ते दाबत नाहीत, नुसता टॅब मिटून निघतात. आमच्याकडे उघडी राहिलेली बरीच खाती याच संकोचापायी राहिलेली असतात. बटण दाबा आणि दुकानदाराला तसं सांगा. त्याला एकदा पासवर्ड टाकावा लागेल, एवढंच.

कोपऱ्यात नुसती माणसाची रिकामी आकृती असेल, तर ब्राउझर अजून कुणाचाच नाही आणि तुम्ही लॉगिन केल्यावर तो तुमचा व्हायला बघेल. भाचीच्या बाबतीत हेच झालं. अशा चौकटीत नकाराचं बटण बारीक आणि फिकट असतं. तेच शोधून दाबायचं.

दोन्ही त्रास टाळायचे तर त्याच गोल चिन्हावर टिचकी मारा आणि यादीच्या तळाशी असलेलं गेस्ट उघडा. तिथे ‘Guest’ किंवा ‘Open Guest profile’ असं लिहिलेलं असतं.

गेस्ट बरं की इन्कॉग्निटो?

गेस्ट. इन्कॉग्निटो ही दुकानदाराच्या ब्राउझरचीच एक खोली आहे. ज्या एक्स्टेन्शनना त्याने परवानगी दिली असेल ती तिथेही चालतात, आणि त्याचे साठवलेले पासवर्डही तिथे पुढे येतात. गेस्ट म्हणजे वेगळं, रिकामं घर. त्यात एक्स्टेन्शन नाहीत, जुने पासवर्ड नाहीत, आणि ब्राउझर तुमच्या नावावर करण्याचा प्रश्नच येत नाही.

गेस्ट बंद करून ठेवलं असेल तर इन्कॉग्निटो घ्या: `Ctrl + Shift + N`. एजमध्येही हेच बटण चालतं, तिथे त्याला ‘InPrivate’ म्हणतात. फायरफॉक्समध्ये `Ctrl + Shift + P`.

आता फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट. इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच खोली असते. तुमच्या आधीच्या माणसाने एक इन्कॉग्निटो खिडकी खाली दडवून ठेवली असेल आणि तुम्ही फक्त तुमची बंद केलीत, तर खोली उघडीच राहते. पुढच्याने नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडून जीमेलचा पत्ता टाकला की तुमची मेल समोर. शेवटची खिडकी मिटते तेव्हाच खुणा पुसल्या जातात. गेस्टचंही तसंच. म्हणून खिडकीच्या भरवशावर न राहता आधी ‘Sign out’ करा आणि मग खिडकी मिटा. बसतानाच खालच्या पट्टीवर क्रोमच्या किती खिडक्या उघड्या आहेत तेही बघून घ्या.

लॉगिन करताना गुगल मोबाईलवर विचारतं, ‘तुम्हीच आहात का?’ तिथे काही सांभाळायचं असतं का?

दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर त्या पानावर ‘Don't ask again on this device’ अशी एक चौकट दिसते, आणि तिच्यात बहुतेक वेळा आधीच टिक असते. ती काढा. राहिली तर ते मशीन विश्वासातलं ठरतं. मग तिथे पुढच्या वेळी नुसता पासवर्ड पुरतो, तुमच्या मोबाईलला पत्ताही लागत नाही.

लॉगिन झाल्यावर ‘या मशीनवर पासकी तयार करा’ असं सुचवलं गेलं तर नाही म्हणा. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली. ती त्या मशीनच्या पिनने उघडते, आणि पिन कुणाकडे आहे ते वर आलंच आहे.

घाईत ‘Save’ दाबलं गेलं. पासवर्ड कुठे गेला?

हेही त्या गोल चिन्हावर अवलंबून आहे. ब्राउझर दुकानदाराच्या खात्यावर असेल आणि त्याचं सिंक चालू असेल, तर तुमचा पासवर्ड त्याच्या गुगल खात्यात गेला. तो त्याच्या मोबाईलवर आणि घरच्या लॅपटॉपवरही पोचला असेल. त्याला याची कल्पनाही नसेल, त्याचा काही दोषही नाही, पण पासवर्ड तिथे आहे.

तिथेच लक्षात आलं तर पत्त्याच्या पट्टीत हे टाका आणि तुमच्या साइटची नोंद काढा:

```
chrome://password-manager/passwords
```

नोंद उघडताना विंडोजचा पिन मागितला जाऊ शकतो. तेव्हा दुकानदाराला बोलवा, ‘माझा पासवर्ड चुकून सेव्ह झाला, काढून द्या’ असं सरळ म्हणा. नोंद निघाली तरी घरी येऊन त्या साइटचा पासवर्ड बदलाच. तो बदलला की साठवलेला जुना पासवर्ड निकामी होतो, मग तो कुणाच्या मोबाईलवर का राहीना.

निघताना साफसफाई कोणत्या क्रमाने करायची?

गेस्टमध्ये बसला असाल तर साइटमधून ‘Sign out’ करा, गेस्टच्या सगळ्या खिडक्या मिटा, डाउनलोड केलेल्या फाइल काढा. झालं.

साध्या खिडकीत बसला असाल तर मात्र क्रम चुकवू नका. बरेच जण घाबरून आधी `Ctrl + Shift + Delete` दाबतात, सगळ्या चौकटींत टिक करतात आणि सगळं पुसतात. त्या वेळी ब्राउझर तुमच्या खात्यावर सिंक होत असेल, तर पुसलं जातं ते फक्त दुकानातलं नाही. हिस्टरी आणि पासवर्ड तुमच्या खात्यातून जातात, म्हणजे तुमच्या मोबाईलमधूनही. एका मुलाचे सगळे साठवलेले पासवर्ड असेच गेले, आणि प्रत्येक पोर्टलवर ‘पासवर्ड विसरलो’ करत त्याचा आठवडा गेला. आणि ब्राउझर दुकानदाराच्या खात्यावर असेल तर तुम्ही त्याचे पासवर्ड पुसाल.

म्हणून आधी जीमेलमधून ‘Sign out’ करा. मग गोल चिन्ह उघडा. तिथे अजून तुमचं नाव दिसत असेल तर क्रोममधूनही बाहेर पडा. बाहेर पडताना ‘या मशीनवरचा डेटा पुसायचा का’ असं विचारलं तर हो म्हणा. तुमच्या नावाचं वेगळं प्रोफाइलच तयार झालं असेल, तर गोल चिन्हाच्या यादीतून प्रोफाइल सांभाळण्याच्या पानावर जा, आपल्या नावाच्या तीन टिंबांवर टिचकी मारा आणि ‘Delete’ करा. त्याने तुमचं गुगल खातं जात नाही, मशीनवरची त्याची प्रत जाते. यानंतरच, गरज असेल तर, `Ctrl + Shift + Delete` दाबून फक्त शेवटच्या तासाची हिस्टरी आणि कुकी पुसा. पासवर्डच्या चौकटीला हात लावू नका.

लॉगिनच्या पानावर तुमचा मेलचा पत्ता ‘Signed out’ असा दिसत राहतो. त्यावरून कुणी आत जाऊ शकत नाही, पण पत्ता तरी का ठेवायचा? त्याच पानावर ‘Remove an account’ आहे, तिथून तो काढा.

शेवटी खात्री करा. जीमेलचा पत्ता पुन्हा टाका. पासवर्ड मागितला तर दार बंद आहे, मेल दिसली तर अजून उघडं आहे.

डाउनलोड केलेली आधारची फाइल आपोआप जाते का?

जात नाही. इन्कॉग्निटो आणि गेस्ट दोन्ही कुकी आणि हिस्टरी विसरतात, पण डाउनलोड केलेली फाइल ‘Downloads’ फोल्डरमध्ये तशीच राहते. कुठल्याही गर्दीच्या दुकानात तो फोल्डर उघडून बघा. अनोळखी माणसांची आधार कार्डं, मार्कशीट, बँकेची पासबुकं रांगेने पडलेली असतात. मला तरी ते बघून फार अस्वस्थ होतं.

‘ई-आधारला पासवर्ड असतो की’ असं बरेच जण म्हणतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं वर्ष. शेजारीच तुमची मार्कशीट किंवा अर्ज पडलेला असेल तर तो ओळखायला किती वेळ लागेल? तेव्हा फाइल निवडून `Shift + Delete` दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जाईल. नुसतं डिलीट केलं असेल तर रिसायकल बिनही बघा. अर्जाला पूर्ण क्रमांक लागत नसेल तर शेवटचे 4 अंकच दाखवणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून छापा.

पासवर्ड कॉपी-पेस्ट केला असेल तर आणखी एक जागा आहे. `Windows + V` दाबा. क्लिपबोर्डची हिस्टरी चालू असेल तर कॉपी केलेलं सगळं तिथे दिसतं. ‘Clear all’ करा.

व्हॉट्सअॅप वेबवरून प्रिंट काढली. तिथेही हेच?

तिथे पासवर्ड नसतो, म्हणून लोक जास्तच निर्धास्त असतात. क्यूआर स्कॅन केल्यावर ते मशीन तुमच्या व्हॉट्सअॅपला जोडलं जातं आणि अलीकडच्या गप्पा त्यावर उतरतात. क्यूआरच्या पानावर लॉगिन राहू देण्याची एक चौकट असते, तिच्यातली टिक स्कॅन करण्याआधी काढा.

तोडणं सोपं आहे, कारण ते मोबाईलवरूनच होतं. व्हॉट्सअॅपमध्ये ‘Linked devices’ उघडा, त्या मशीनच्या नावावर बोट ठेवा आणि ‘Log out’ करा. दुकानाच्या पायरीवर उभं राहून करा, घरी जाईपर्यंत थांबू नका. यादीत पूर्वीची मशीनंही निघतात. आमच्याकडे एका काकांच्या यादीत तीन मशीनं निघाली, आणि त्यातलं एकही त्यांना आठवेना.

घरी आल्यावर आठवलं की लॉगआउट केलंच नाही. परत दुकानात जावं का?

जायची गरज नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘Google’ उघडा, तिथून आपल्या गुगल खात्याच्या पानावर आणि मग सुरक्षेच्या भागात जा. खाली ‘Your devices’ आहे, त्यात ‘Manage all devices’. यादीतलं दुकानाचं मशीन निवडा आणि ‘Sign out’ करा. तिथली खूण बाद होते आणि त्या मशीनवरची पुढची टिचकी पासवर्ड मागते.

भाचीचंही आम्ही असंच बंद केलं. पण एवढ्यावर थांबलो नाही, कारण दुरून बाहेर काढल्याने खात्याचं दार बंद होतं, पण क्रोमने आधीच उतरवून घेतलेली पासवर्डची प्रत त्या मशीनवर राहू शकते. म्हणून आधी मशीन बाहेर काढलं, मग मोबाईलवरूनच गुगलचा पासवर्ड बदलला, मग साठवलेल्या पासवर्डची यादी उघडून एकेक बदलत गेलो. सुरुवात पैशाशी जोडलेल्या खात्यांपासून, नंतर कॉलेजचं पोर्टल, बाकीचे दुसऱ्या दिवशी. शनिवारी दुकानात जाऊन तिच्या नावाचं प्रोफाइलही काढून आलो. दुकानदाराने काही न कुरकुरता काढू दिलं.

यादीत तीन ‘Windows’ दिसतात. त्यातलं दुकानाचं कोणतं?

ठिकाणावरून ओळखायला जाऊ नका. तिथे तिन्हींपुढे मुंबई लिहिलेलं असेल, कारण घर, ऑफिस आणि दुकान तिन्ही मुंबईतच आहेत, आणि इंटरनेट कंपनीच्या जोडणीमुळे कधी कधी भलतंच शहरही दिसतं. वेळ बघा. नाव उघडल्यावर पहिल्यांदा लॉगिन केव्हा झालं आणि शेवटची हालचाल केव्हा झाली ते कळतं. प्रिंटच्या पावतीची किंवा यूपीआयने पैसे दिल्याची वेळ त्याच्याशी जुळवा. भाचीने 5 वाजून 12 मिनिटांनी पैसे दिले होते आणि यादीतली एक नोंद 5 वाजून 4 मिनिटांची होती, त्यामुळे शंका उरली नाही. तरीही कळत नसेल तर तिन्ही बाहेर काढा. घरच्या लॅपटॉपवर एकदा पासवर्ड टाकावा लागेल, बाकी नुकसान काही नाही.

पासवर्ड बदलला की सगळीकडून लॉगआउट होतंच ना?

गुगलमध्ये बहुतेक ठिकाणांहून होतं, पण सगळ्या ठिकाणांहून नाही. लॉगिनच्या वेळी तुमची ओळख पटवायला वापरली जाणारी उपकरणं आणि तुम्ही परवानगी दिलेली काही अॅप यातून सुटतात. दुसऱ्या साइट आपापल्या नियमाने चालतात आणि काही ठिकाणी जुनी खूण पासवर्ड बदलल्यावरही चालते. म्हणून आधी मशीन बाहेर काढायचं आणि मग पासवर्ड बदलायचा.

आणखी एक. तुमची मेल कुणी उघडून बसलं होतं अशी शंका असेल, तर जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. कुणी तुमची मेल आपल्याकडे वळवली असेल तर पासवर्ड बदलूनही ती त्याच्याकडे जात राहील. हे मोबाईलच्या अॅपमध्ये दिसत नाही, विश्वासाच्या कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘Forwarding and POP/IMAP’ आणि ‘Filters and Blocked Addresses’ हे दोन भाग उघडावे लागतात.

एवढं सगळं केलं तर दुकानातलं लॉगिन सुरक्षित झालं का?

एका बाबतीत नाही. मशीनवर तुमची बटणं टिपून घेणारा प्रोग्राम असेल तर गेस्टही काही करू शकत नाही. गेस्ट फक्त मागे काही उरू देत नाही, टाइप करताना कुणी टिपत असेल तर त्याला ते अडवत नाही. समोर बसून हे ओळखताही येत नाही. म्हणून त्या मशीनवर टाकलेला पासवर्ड त्याच दिवशी मोबाईलवरून बदला. त्याच मशीनवर बसून बदलला तर नवाही टिपला जाईल. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर नुसता टिपलेला पासवर्ड नव्या ठिकाणाहून चालत नाही, हा मोठा आधार आहे.

दुकानातून नेट बँकिंग केलं तर?

करू नका. मोबाईल बंद पडला असेल तर बँकेच्या शाखेत जा. खात्यातून पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

मग दुकानदारालाच फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली तर?

माझ्या मते लॉगिन करण्यापेक्षा ते बरं. त्यात दुकानात एक कागद जातो, अख्खं खातं जात नाही. पण कागद तिथे राहतो हे धरून चाला. प्रिंट निघाल्यावर ‘Delete for everyone’ करा. त्याने गप्पांतली फाइल जाते, मात्र त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवली असेल तर ती प्रत जात नाही. ‘दादा, ती फाइल माझ्यासमोर काढून टाका ना’ एवढं म्हणा. वाईट वाटून घेणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.

आमच्या संस्थेत मुलांसाठी कॉम्प्युटर आहे. प्रत्येकाला हे सगळं कसं शिकवणार?

शिकवत बसू नका, मशीनच तसं करून ठेवा. आम्ही क्रोम कायम गेस्टमध्येच उघडेल असं केलं आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘Run as administrator’ करून उघडा आणि ही एक ओळ चालवा:

```
reg add HKLM\SOFTWARE\Policies\Google\Chrome /v BrowserGuestModeEnforced /t REG_DWORD /d 1 /f
```

क्रोम बंद करून पुन्हा उघडा. `chrome://policy` या पानावर ‘BrowserGuestModeEnforced’ दिसलं की झालं. यानंतर कुणालाच, तुम्हालाही, त्या क्रोममध्ये खातं साठवता येत नाही. संस्थेचं स्वतःचं काम त्याच मशीनवर असेल तर ते एजमध्ये करा, आणि मुलांना देता तो विंडोजचा यूजर वेगळा ठेवा, म्हणजे तुमचं एज त्यांच्या हाती लागणार नाही. पूर्ववत करायचं असेल तर:

```
reg delete HKLM\SOFTWARE\Policies\Google\Chrome /v BrowserGuestModeEnforced /f
```

डाउनलोडचा प्रश्न याने सुटत नाही. त्यासाठी मुलांच्या यूजरमध्ये विंडोजच्या सेटिंगमधून ‘Storage Sense’ चालू करा, ते केव्हा चालावं तिथे ‘Every day’ निवडा आणि ‘Downloads’ फोल्डरपुढे 1 दिवस निवडा. दिवसभर न उघडलेल्या फाइल मग ते आपोआप काढतं. आम्ही तरी रात्री दिवे मालवण्याआधी एकदा हाताने फोल्डर उघडून बघतो, कारण दुपारी चारला उतरवलेलं आधार कार्ड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पडून राहावं असं आम्हाला वाटत नाही.